सही खोटी, की हात थकलेला?

वादग्रस्त सहीच्या खटल्यात हस्ताक्षरतज्ज्ञाचा अहवाल आला की दोन्ही वकिलांचे युक्तिवाद जवळजवळ ठरलेले असतात. ज्याच्या बाजूने अहवाल लागला तो म्हणतो, हे शास्त्र आहे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काढलेला निष्कर्ष आहे. ज्याच्या विरुद्ध लागला तो म्हणतो, तज्ज्ञाचं मत हा दुबळा पुरावा आहे, सर्वोच्च न्यायालयानेच तसं सांगितलंय. दोघांच्या हातात निवाडे असतात, आणि ते निवाडे खरेही असतात. मग निकालपत्रात त्या निवाड्यांची नावं येतात, अहवाल एकतर स्वीकारला जातो किंवा बाजूला ठेवला जातो. पण त्या सहीत नेमकं काय दिसलं, यावर अनेकदा एक धड परिच्छेदही सापडत नाही.

माझा आक्षेप या पद्धतीला आहे. अहवालाला किती वजन द्यायचं हे तज्ज्ञ सरकारी की खासगी, त्याचा अनुभव किती, निष्कर्ष किती ठाम, यावरून ठरवू नये. तुलनेसाठी त्याला कोणत्या सह्या दिल्या होत्या आणि त्याने दिलेली कारणं दुसऱ्या कुणाला डोळ्यांनी तपासता येतात का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरावं. सगळ्यात जास्त घोटाळे होतात ते म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या सह्यांबाबत, मृत्युपत्रं आणि बक्षीसपत्रं यांच्या दाव्यांत. म्हणून मी तिथलंच उदाहरण घेणार आहे. पण त्याआधी कायदा कुठे उभा आहे ते पाहू.

१९५७ मध्ये राम चंद्र विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मतावर शिक्षा देणं धोक्याचं आहे, इतर पुराव्याचा आधार हवा. १९६४ च्या शशी कुमार बॅनर्जी या मृत्युपत्राच्या खटल्यात घटनापीठानेही तीच दिशा ठेवली: प्रत्यक्ष पुराव्याची जागा तज्ज्ञाचं मत क्वचितच घेऊ शकतं. १९७७ मध्ये मगन बिहारी लाल खटल्यात रेल्वेच्या बनावट पावतीवरचं अक्षर आरोपीचं आहे, या तज्ज्ञाच्या मतावर दिलेली शिक्षा रद्द झाली. ‘दुबळा पुरावा’ हे सूत्र या मालिकेतून आलं.

नंतर १९७९ च्या अखेरीस मुरारी लाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निवाडा आला. खुनाच्या प्रकरणात सापडलेल्या एका वहीतल्या मजकुराचा प्रश्न होता. बी.ए. होऊनही नोकरी नाही, कुणाला आमची पर्वा नाही, त्याचा हा परिणाम, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तिथे आधीचं सूत्र नीट उलगडलं. हस्ताक्षरतज्ज्ञ हा गुन्ह्यातला साथीदार नव्हे, की त्याच्या शब्दाला प्रत्येक वेळी दुसऱ्याचा दुजोरा लागावाच. बोटांच्या ठशांचं शास्त्र जितकं पक्कं तितकं हस्ताक्षराचं नाही, म्हणून सावधगिरी हवी. पण सावधगिरी म्हणजे मताची कारणं खोलात जाऊन तपासणं. कारणं पटणारी असतील आणि विरुद्ध विश्वासार्ह पुरावा नसेल, तर एकट्या तज्ज्ञाचं मतही स्वीकारता येतं.

मला हा निवाडा या विषयातला सगळ्यात शहाणा वाटतो. दुर्दैवाने त्यातलं ‘दुजोरा लागतोच असं नाही’ एवढंच वाक्य उचललं जातं आणि ‘कारणं तपासा’ ही अट मागे राहते. ती अट कायद्यातही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात तज्ज्ञाचं मत कलम ३९ मध्ये आहे, जे जुन्या पुरावा कायद्यात कलम ४५ होतं. त्या मताचा आधार काय हेही पुराव्याचा भाग आहे, असं सांगणारं कलम आता ४५ आहे, पूर्वी ५१ होतं. क्रमांक बदलले, पण आशय १८७२ पासून तोच आहे.

आता उदाहरण. ते काल्पनिक आहे, पण अशा दाव्यांत जे जे घडतं तेच त्यात आहे.

समजा एक गृहस्थ २०१९ मध्ये मृत्युपत्र करतात. वय ८१, उजव्या हाताला कंप. वर्षभराने ते जातात. मृत्युपत्र तीन पानांचं, टाइप केलेलं, प्रत्येक पानाच्या तळाशी देवनागरीत पूर्ण नावाची सही. घर मुलाला दिलेलं आहे. मुलगी म्हणते, ही सही बाबांची नाहीच. तिच्याजवळ बाबांच्या जुन्या सह्या आहेत: २००३ च्या खरेदीखताची झेरॉक्स आणि १९९७ मध्ये बँकेत दिलेल्या नमुना सहीच्या कार्डाची झेरॉक्स. ती एका खासगी तज्ज्ञाकडे जाते. तज्ज्ञ अहवाल देतो की मृत्युपत्रावरच्या तिन्ही सह्या बनावट आहेत. कारणं अशी: रेघ कापरी आहे, पेन सहीच्या मध्येच पाच ठिकाणी उचललेलं आहे, शिरोरेषा तुटक आहे, अक्षरं मोठी आणि विस्कळीत आहेत, शेवटचा फराटा आखूड आहे.

यातलं एकही निरीक्षण खोटं नाही. तज्ज्ञ अप्रामाणिक आहे असंही मानायची गरज नाही. तरीही अहवालाला काडीचं वजन नाही, कारण पासष्टीतल्या माणसाची सही आणि एक्क्याऐंशीतल्या माणसाची सही शेजारी ठेवली तर हे पाचही फरक दिसणारच. सोळा वर्षांचं म्हातारपण आणि बनावट करणाऱ्याचा हात, या दोहोंतून सारखेच दिसणारे फरक निर्माण होतात. त्यांना वेगळं करायचं तर त्याच काळातल्या सह्या हव्यात, आणि त्या अस्सल कागदावर हव्यात.

त्या सह्या कुठे मिळतील? निवृत्तिवेतन घेणारा माणूस दर वर्षी हयातीच्या दाखल्यावर सही करतो. बँकेतून पैसे काढताना पावतीवर करतो. समजा न्यायालयाच्या समन्सवरून २०१७ आणि २०१८ चे हयातीचे दाखले आणि २०१९ च्या काही पैसे काढण्याच्या पावत्या, अशा मिळून नऊ अस्सल सह्या आल्या, आणि त्यांच्यासह मृत्युपत्र शासकीय दस्तऐवज परीक्षकाकडे गेलं. तो काय पाहील?

पहिल्यांदा कंप. म्हाताऱ्या हाताचा कंप अनियमित असतो. कुठे रेघ मोठ्याने हलते, कुठे बारीक, कुठे थोडा वेळ सरळ जाते. पण त्या थरथरीच्या आतून हात आपल्या सवयीच्या वाटेने, आपल्या वेगाने पुढे जात असतो. सूक्ष्मदर्शकाखाली रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटाला निमुळतेपणा दिसतो, कारण पेन कागदाला टेकण्याआधीच हात हलायला लागलेला असतो आणि उचलतानाही हलत असतो. बघून बघून सही उतरवणाऱ्याचा कंप निराळा. तो सावकाशीतून येतो. त्याची नजर नमुन्याकडे आणि कागदाकडे आळीपाळीने जाते, म्हणून रेघ जिथे अस्सल लिहिणारा कधीच थांबणार नाही अशा जागी थांबते, वळणाच्या ऐन मध्यावर. दाब सगळीकडे जवळपास सारखा राहतो, टोकं बोथट येतात, आणि चुकलेली जागा हळूच पुन्हा गिरवलेली दिसते. स्वतःची सही करणारा म्हातारा माणूस ती सुधारायला सहसा जात नाही. बिघडली तर बिघडली.

दुसरं, पेन कुठे उचललं. खासगी तज्ज्ञाने पाच ठिकाणं मोजली आणि ती बनावटीची खूण मानली. परीक्षक हयातीच्या दाखल्यांवर पाहतो, तर तिथेही हात तेवढ्याच वेळा आणि त्याच अक्षरांच्या मध्ये उचललेला आहे. दमलेला हात कुठे विसावा घेतो याचीही त्याला सवय झालेली असते. पेन उचलण्याची संख्या काहीच सांगत नाही, जागा पुष्कळ सांगते.

तिसरं, नजरेत न भरणाऱ्या सवयी, आणि देवनागरी सहीत त्या भरपूर असतात. शिरोरेषा प्रत्येक अक्षराबरोबर ओढली की सगळं नाव लिहून झाल्यावर एकदम? डावीकडून उजवीकडे की उलट? मात्रा शिरोरेषेच्या आधी आली की नंतर? ‘र’ची शेपटी पुढच्या अक्षराला कुठून मिळते? नाव आणि आडनाव यांच्यात जागा किती, ओळ चढते की उतरते? नकलाकार फराटा, वळणदार पहिलं अक्षर, सहीखालची रेघ असं ठसठशीत दिसणारं उचलतो. रेघा कोणत्या क्रमाने आल्या हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्याकडून तिथे चूक होते. आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे भिंगाखाली तो क्रम बऱ्याचदा वाचता येतो. जुन्या पिढीतल्या ज्यांची सही मोडीच्या वळणाची आहे त्यांच्याबाबत तर हे काम मोडी लिहिणाऱ्या हाताची सवय ओळखणाऱ्यानेच करावं. नुसत्या आकाराची तुलना तिथे सपशेल फसते.

चौथं, मृत्युपत्रावरच्या तीन सह्या आपसांत कशा आहेत. कुणाच्याही दोन सह्या तंतोतंत जुळत नाहीत. तिन्ही एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत बसल्या, तर एकाच नमुन्यावरून छापून घेतल्याचा दाट संशय येतो. आपल्या उदाहरणात पहिली सही बऱ्यापैकी सरळ आहे, दुसरी आखूड झाली आहे, तिसरी उताराला लागली आहे. एका बैठकीत तीनदा सही करणाऱ्या थकलेल्या हाताकडून हेच अपेक्षित असतं.

परीक्षकाचा निष्कर्ष: वादग्रस्त सह्या नऊ सह्यांच्या स्वाभाविक चढउताराच्या आत बसतात, त्या त्याच हाताच्या आहेत. या अहवालाला वजन आहे. तो सरकारी परीक्षकाचा आहे म्हणून नाही. नऊ सह्या शेजारी ठेवून त्याचं प्रत्येक वाक्य पडताळता येतं म्हणून.

आता हेच उदाहरण उलटं करून बघा. समजा सही खरोखरच बनावट होती, आणि बनावट करणाऱ्याने २००३ चं खरेदीखत समोर ठेवून ती सफाईने उतरवली. मृत्युपत्रावरची सही ठाम, नेटकी, फराटेदार. खासगी तज्ज्ञाने ती त्याच खरेदीखताशी ताडली असती, तर बहुधा ‘जुळते’ असंच म्हटलं असतं. २०१९ च्या पावत्या समोर असत्या, तर पहिल्या नजरेतच प्रश्न पडला असता: ज्या माणसाला त्या वर्षी पावतीवर धड रेघ ओढता येत नव्हती, त्याने मृत्युपत्रावर अशी सही केली कशी? म्हणजे चुकीच्या नमुन्यांवरून खरी सही खोटी ठरते आणि खोटी खरी ठरते. नमुने बिघडले की तज्ज्ञाचं कौशल्य त्यावर मात करू शकत नाही.

चूक कोणत्या बाजूला जास्त होते, याचाही विचार आपल्याकडे होत नाही. अमेरिकेत मोशे काम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत व्यावसायिक परीक्षक आणि सामान्य माणसं यांना सह्या ओळखायला दिल्या होत्या. बनावट सहीला अस्सल म्हणण्याची चूक परीक्षकांनी सुमारे अर्धा टक्का वेळा केली, सामान्य माणसांनी साडेसहा टक्के वेळा. पण अस्सल सहीला बनावट म्हणण्याची चूक परीक्षकांनीही सुमारे सात टक्के वेळा केली, तर सामान्य माणसांनी सव्वीस टक्के वेळा. यातून दोन गोष्टी निघतात. परीक्षकाचं कौशल्य खरं आहे, त्याला ‘अंदाज बांधणारा माणूस’ म्हणून उडवून लावणं अन्यायाचं आहे. आणि त्याचं ‘ही सही अस्सल’ हे मत त्याच्या ‘ही सही बनावट’ या मतापेक्षा जास्त भरवशाचं आहे, कारण फरक शोधायला बसलेल्या नजरेला फरक सापडतातच. म्हातारपण, आजार, इस्पितळातला पलंग, मांडीवर ठेवलेला कागद यांनी ते फरक आणखी वाढतात. सही करणारा अशा अवस्थेत असेल, तर ‘बनावट’ या निष्कर्षाकडून न्यायालयाने जास्तच कारणं मागितली पाहिजेत.

दिवाणी न्यायालयांत नमुन्यांची हेळसांड रोजची आहे. साठेखतावरची सही नाकारणारा प्रतिवादी असतो. वादी अर्ज देतो की दस्त तज्ज्ञाकडे पाठवा, आणि तुलनेसाठी प्रतिवादीच्या वकीलपत्रावरची आणि कैफियतीवरची सही घ्या. या दोन्ही सह्या दावा दाखल झाल्यानंतरच्या आहेत. ज्याला आपली सही नाकारायची आहे, त्याने त्या वेळी ती बदलून केली नसेल कशावरून? उच्च न्यायालयांनीही अशा सह्यांच्या भरवशावर तुलना करण्याबद्दल वेळोवेळी नापसंती दाखवली आहे. न्यायालयासमोर बसवून घेतलेल्या नमुना सह्यांचं तेच. त्या घ्यायला हरकत नाही. आरोपीकडून नमुना घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे १९६१ च्या काथी कालू ओघड खटल्यात ठरलं आहे, आणि तपासादरम्यान दंडाधिकाऱ्याला तसा आदेश देण्याचा अधिकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आहे. पण मागून घेतलेला नमुना हा वाद माहीत असताना केलेला नमुना असतो. वाद उद्भवण्याआधी दुसऱ्याच कामासाठी सहज केलेल्या सहीची सर त्याला येत नाही.

झेरॉक्सची गोष्ट याहून वाईट आहे. दाब, रेघेची टोकं, पुन्हा गिरवल्याच्या खुणा, रेघांचा क्रम, म्हणजे वर ज्याच्या आधाराने निष्कर्ष काढला ते जवळजवळ सगळं, झेरॉक्समध्ये नाहीसं होतं. एका कागदावरची अस्सल सही दुसऱ्या कागदावर चिकटवून काढलेली झेरॉक्स तर आकाराने निर्दोषच दिसणार. झेरॉक्सवरून ठाम मत देणाऱ्या अहवालाकडे मी संशयानेच पाहतो, तो कुणाच्याही बाजूचा असो.

पुण्यात १९८६ मध्ये झालेल्या जनरल अरुणकुमार वैद्य यांच्या हत्येच्या खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं, ते या ठिकाणी मोलाचं आहे. तज्ज्ञाच्या मतावर विसंबण्याआधी, तुलनेचा पाया म्हणून जे अक्षर घेतलं ते खरोखर त्याच माणसाचं आहे याची न्यायालयाने पूर्ण खात्री करून घ्यावी, आणि तज्ज्ञाच्या पात्रतेची व विश्वासार्हतेचीही. क्रम लक्षात घ्या, आधी नमुना, मग तज्ज्ञ. प्रत्यक्षात अर्ज येतो, ‘मंजूर, दस्त तज्ज्ञाकडे पाठवावा’ असा एका ओळीचा आदेश होतो, आणि नमुन्यांवरचा वाद दोन वर्षांनी तज्ज्ञाच्या उलटतपासणीत निघतो, जेव्हा काही दुरुस्त करायची वेळ निघून गेलेली असते.

अहवालाचं रूपही बदलायला हवं. आजच्या अहवालात बहुधा एवढंच असतं: निळ्या चौकटीतल्या ‘ए’ म्हणजे मान्य आणि ‘एस’ म्हणजे नमुना सह्या ज्याने केल्या, त्यानेच लाल चौकटीतल्या ‘क्यू’ म्हणजे वादग्रस्त सह्या केल्या, असं एक वाक्य, आणि पुढे ‘गती, कौशल्य, चलन, प्रमाण यांत साम्य आढळते’ असं दुसरं. दुसरं वाक्य कोणत्याही खटल्याच्या अहवालात जसंच्या तसं बसेल, म्हणून त्याला कारण म्हणता येत नाही. मोठ्या केलेल्या छायाचित्रांवर बाण दाखवून, ‘क्यू एक मधली शिरोरेषा इथे तुटते, ए तीन आणि ए सातमध्येही इथेच तुटते’ असं लिहिलेलं कारण न्यायाधीशही पडताळू शकतो आणि विरुद्ध पक्षाचा वकीलही खोडू शकतो. सापडलेला एखादा फरक कशामुळे पडला असावा याचा शोध घेतला का, हेही अहवालात दिसायला हवं. आणि ‘दिलेल्या साहित्यावरून मत देता येत नाही’ हा प्रामाणिक निष्कर्ष आहे, त्याला टाळाटाळ समजू नये.

न्यायाधीशाने स्वतःच सह्या ताडून पाहाव्यात का? कायदा परवानगी देतो. जुन्या कलम ७३ चं आता कलम ७२ झालं आहे. मुरारी लाल निवाडा तर म्हणतो की तज्ज्ञ नसेल तेव्हा न्यायालयाने ही जबाबदारी टाळू नये. दुसरीकडे पाली राम खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशाने तज्ज्ञाच्या भूमिकेत शिरण्यातला धोका सांगितला, आणि ओ. भरतन विरुद्ध के. सुधाकरन (१९९६) या निवडणुकीच्या खटल्यात मतपत्रिकांच्या स्थळप्रतींवरच्या सह्या नुसत्या डोळ्यांनी ताडून निर्णय दिल्याबद्दल उच्च न्यायालयाला दोष दिला. मला यात विरोध दिसत नाही. न्यायाधीशाने पाहावं, ते तज्ज्ञाने दाखवलेली खूण तिथे खरोखर आहे की नाही हे तपासायला. ‘मला दोन्ही सह्या सारख्या वाटल्या’ हा निष्कर्ष मात्र वर सांगितलेल्या चाचणीतल्या सामान्य माणसांच्या गटातला आहे, आणि त्याची उलटतपासणीही घेता येत नाही.

फौजदारी खटल्यात आणखी एक अडचण आहे, जी तपास अधिकाऱ्यांच्या फारशी ध्यानात येत नाही. दुसऱ्याची सही बघून उतरवणारा माणूस स्वतःचं वळण दाबत असतो. म्हणून ही सही अमक्याची नाही, हे परीक्षक अनेकदा सांगू शकतो. ती कुणी उतरवली हे क्वचितच सांगू शकतो. नमुन्यावर कागद ठेवून गिरवलेल्या सहीत तर गिरवणाऱ्याचं काहीच उरत नाही. तरीही फायदा कुणाला झाला हे पाहून बनावटीकरणाचा आरोप त्याच्यावर ठेवला जातो. शीला सेबास्टियन विरुद्ध आर. जवाहराज (२०१८) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की खोटा दस्त ज्याने प्रत्यक्ष बनवला नाही, त्याला बनावटीकरणाचा दोषी धरता येत नाही. बनावट दस्त खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो सिद्ध करायला दस्त बनावट आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक होतं हे दाखवावं लागतं, जे सहीच्या तपासणीतून निघत नाही. तज्ज्ञाच्या अहवालावर हा सगळा भार टाकला की खटला कोसळतो, आणि मग दोष ‘दुबळ्या पुराव्या’च्या माथी मारला जातो.

उलट, सही अस्सल ठरली म्हणजे दस्त अस्सल ठरला असंही नाही. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवल्या असतील, मृत्युपत्राची मधली पानं बदलली असतील, सही करणाऱ्याला मजकूर वाचूनच दाखवला नसेल. आपल्या उदाहरणात परीक्षकाने सही बाबांचीच म्हटली, तरी मुलीचा दावा तिथे संपत नाही. १९५९ च्या एच. वेंकटचला अय्यंगार निवाड्यापासून नियम असा आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याचं ओझं मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. साक्षांकन करणारा साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल तर त्याला तपासावंच लागतं. तो काय सांगतो, मुलाने मृत्युपत्र करून घेण्यात किती पुढाकार घेतला, टाइप केलेल्या शेवटच्या ओळी सहीसाठी जागा राखत आल्या आहेत की सहीला वळसा घालून कोंबल्या आहेत, हे सगळं पाहावं लागतं. यातलं शेवटचं परीक्षक पाहू शकतो, पण त्याला तो प्रश्न विचारलेला असेल तरच. तज्ज्ञाकडे पाठवताना ‘सही त्यांची आहे का’ एवढाच प्रश्न लिहिला, तर उत्तरही तेवढंच येतं.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. त्याच काळातल्या अस्सल सह्या हव्यात असा आग्रह धरला, तर ज्याच्या ताब्यात मृताचे कागद आहेत त्याचं फावेल. तो ते दडवेल, आणि दुसऱ्या बाजूला हातात जुन्या झेरॉक्सशिवाय काही उरणार नाही. हे खरं आहे. पण यावर उपाय म्हणून झेरॉक्सवरच्या मताला अर्धंमुर्धं वजन देता येणार नाही. ते मत तेव्हा निकालातून पूर्ण वगळावं, साक्षीदार आणि परिस्थिती यांच्यावर निर्णय द्यावा, आणि कागद असूनही हजर न करणाऱ्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढावं, ज्याची सोय कायद्यात पूर्वीपासून आहे. २०१९ च्या चेन्नाडी जलपती रेड्डी खटल्यात साठेखतावरच्या सहीबद्दल तज्ज्ञाच्या मतावर विसंबून उच्च न्यायालयाने निर्णय फिरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचा विश्वासार्ह पुरावा वरचढ मानून तो रद्द केला.

शिवाय कागद फक्त घरात नसतात. मुलीने खासगी तज्ज्ञाकडे जाण्याआधी बँक आणि निवृत्तिवेतन कार्यालय यांच्याकडून अस्सल कागद मागवण्याचा अर्ज द्यायला हवा होता, आणि तो दावा दाखल होताच. बँकांना त्यांची जुनी कागदपत्रं कायमची ठेवावी लागत नाहीत. १९८५ च्या नियमांप्रमाणे प्रकारानुसार पाच किंवा आठ वर्षं जपली की पुरे. दिवाणी दाव्यात मुद्दे निघून पुराव्याची पाळी येईपर्यंत एवढा काळ सहज जातो. २०१९ ची पावती २०२७ नंतर मिळेलच याची कुणी खात्री देऊ शकत नाही. म्हणून अशा दाव्यात पहिल्याच तारखांना न्यायालयाने दोन्ही पक्षांकडून मान्य सह्यांची यादी घ्यावी, बँकेला आणि कार्यालयाला मूळ कागद जपून ठेवण्याचा आदेश द्यावा, ते मोहोरबंद मागवावेत, कोणते नमुने तुलनेला योग्य आहेत यावर त्याच वेळी निर्णय द्यावा, आणि मगच काय काय विचारायचं ते लिहून दस्त परीक्षकाकडे पाठवावा.